वरच्या ओळीतलं ‘थांबा’

शिक्का मारायला मी नाही म्हटलं, आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. त्या नकारामागे काही मोठं तत्त्व होतं असं नाही. त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं, आणि समोरचा माणूस खुर्चीवर न बसताच टेबलावर बोट आपटत म्हणाला होता, “मॅडम, फक्त शिक्का मारून द्या.” कामाला आलेल्या माणसानं आधी बसावं, पाणी प्यावं आणि मग बोलावं, अशा घरात मी वाढले. घाईत मागितलेली गोष्ट मी घाईत देत नाही. माझ्या सासूबाईंनी यावरून मला आयुष्यभर टोमणे मारले.

आमचं ऑफिस नागपूरच्या प्रताप नगरात, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही दोघंतिघंच, आणि त्यात मालक धरलेले. मालक म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, बोलायला गोड आणि स्वतःच्या कामाच्या फार प्रेमात असलेले. त्यांनी एकट्यानं एक चॅटचं ॲप लिहिलं होतं. जिथे दहावीस माणसं वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात अशा लहान ठेकेदारांसाठी ते होतं. कोण कुठे आहे, काम कुठवर आलं, हे सगळ्यांनी एकाच ठिकाणी लिहायचं. कुणाला पासवर्ड आठवत नसला, कुणाचा फोटो जात नसला की फोन माझ्याकडे यायचा. पन्नाशीत शिकलेलं काम होतं, पण मला ते आवडायचं. लोक कशावर चिडतात हे कळत राहायचं.

तो उभा राहिलेला माणूस कुहीकडच्या एका ठेकेदाराचा सुपरवायझर होता. त्या ठेकेदाराकडे वीजवाहिन्यांच्या देखभालीचं काम होतं. त्याच्या मागे दाराशी एक बाई उभी होती. पस्तिशीची असेल. निळा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, आणि दोन्ही हातांनी पिशवीचा बंद धरलेला. ती सबस्टेशनवर ऑपरेटर होती. लाइन बंद करायची, लाइन चालू करायची, हे तिचं काम. आयटीआय करून लागलेली, त्या ठेकेदाराकडची पहिलीच बाई. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिला कुणी बस म्हटलेलं नाही.

“तुम्ही बसा,” मी तिला म्हटलं. मग सुपरवायझरही बसला.

सुपरवायझरनं सांगितलं ते असं. चार दिवसांपूर्वी एक लाइनमन खांबावर काम करत होता. ती लाइन त्याच्यासाठी बंद ठेवली होती. काम झाल्यावर त्यानं चॅटवर लिहिलं, काम झालं, लाइन चालू करा. ऑपरेटरनं लाइन चालू केली. तेव्हा तो पुन्हा खांबावर होता. तारेशी ठिणगी उडाली, उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि तो खाली धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पडला. बांधीत गुडघाभर चिखल होता म्हणून वाचला. हात राहील की नाही हे डॉक्टर तेव्हा सांगत नव्हते.

“त्यानं लिहिलं होतं मॅडम,” सुपरवायझर म्हणाला. “थांबा म्हणून लिहिलं होतं. हिनं वाचलं अन् तरी चालू केली.”

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावून वाचलं. तीन ओळी होत्या, एकाखाली एक. पहिली लाइनमनची, अकरा पंचावन्नची: काम झालं, लाइन चालू करा. दुसरीही त्याचीच, बारा वाजून तीन मिनिटांची: थांबा, लाइन चालू करू नका, मी परत चढून राहिलो. तिसरी ऑपरेटरची, बारा वाजून आठ मिनिटांची: लाइन चालू केली.

पाच मिनिटं. पाच मिनिटं तो माणूस थांबा म्हणून सांगत होता आणि ही समोर बसलेली, बांगड्यासुद्धा न वाजू देणारी बाई ते वाचून उठली आणि तिनं लाइन चालू केली. मी तिच्याकडे पाहिलं. मला तिची भीती वाटली, हे आता लिहायला लाज वाटते, पण वाटली.

“त्यांचं काय म्हणणं आहे?” मी विचारलं.

“आधी नाही म्हणत होती. मले दिसलाच नाही म्हणे. मंग मी तिचाच फोन तिच्या हातात देला. म्हटलं, वाच बाई. तुझ्याच फोनमधी हाय. तुझ्या मेसेजच्या वर हाय.” त्यानं खिशातून एक कागद काढला. “मंग लिहून देलं तिनं.”

कागदावर तिची सही होती. थांबा असा मेसेज आला होता, मी तो वाचला होता, माझ्याकडून दुर्लक्ष झालं. एवढंच. अक्षर सुरेख होतं, सावकाश काढलेलं. आता चौकशी बसणार होती. नोकरी तर जाणारच होती, आणि लाइनमनचा हात गेला तर पोलिसातही जाणार असं तो म्हणाला. चौकशीला चॅटची छापील प्रत हवी होती, ॲप ज्यांचं आहे त्यांच्या शिक्क्यासह. म्हणून ते दोघे आले होते. तिला सोबत का आणलं, तर तिच्यासमोर प्रत निघावी, नंतर तिनं कटकट करू नये.

“तुम्ही वाचला होता?” मी तिला विचारलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “लिहून हाय नं मॅडम.”

हे उत्तर मला खटकलं. वाचला होता असं ती म्हणाली नाही, लिहून आहे असं म्हणाली. मी सुपरवायझरला सांगितलं की शिक्का मालकांकडे असतो आणि मालक परवा येतील. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. मालक आतल्या खोलीत जेवत होते. तो कुरकुरत उठला. ती उठताना म्हणाली, “लवकर करा मॅडम. मले आता झोपच नाही येऊन राहिली.”

ते गेले. मला माझे बाबा आठवले, आणि ते का आठवले हे सांगायला हवं. मी शाळेत होते तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, बाबा नागपूरच्या तार ऑफिसात होते. घरी त्यांचं एक वेड होतं. कुठलीही तार दिसली की मजकूर वाचायच्या आधी ते वरचे आकडे वाचत. तार कुठे, किती वाजता दिली आणि इथे किती वाजता मिळाली, अशा दोन वेळा तारेवर असायच्या. एकदा शेजाऱ्यांकडे एका दुपारी दोन तारा आल्या. आधी आली ती ‘प्रकृती गंभीर, निघा’ अशी होती आणि मागून आली ती ‘काळजी नको, बरे आहेत’ अशी. शेजारी नाचायचेच बाकी होते. बाबांनी दोन्ही हातात घेतल्या, आकडे बघितले आणि म्हणाले, बरे आहेत ही काल दिलेली आहे, गंभीर ही आजची आहे, निघा. शेजाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी रडायला लागले होते. आलेली वेळ आणि दिलेली वेळ वेगळी असते, एवढी एक गोष्ट बाबांनी मला शिकवली, आणि बाकी सगळं आईनं.

चॅटमध्ये मात्र एकच वेळ दिसत होती. ती कुठली, हा प्रश्न मी तोवर कधी विचारलाच नव्हता.

मालक हात धुऊन बाहेर आले तेव्हा मी त्यांना तो विचारला. ते म्हणाले, “फोनची. ज्यानं लिहिलं त्याच्या फोनच्या घड्याळात जी वेळ असेल ती. त्याच वेळेनं मेसेज लावले जातात.” हे त्यांनी मुद्दाम तसं केलं होतं. कुहीकडे, मौद्याकडे शेतात नेटवर्क नसतं. माणूस लिहितो, मेसेज फोनातच पडून राहतो, नेटवर्क आलं की जातो. तो उशिरा पोचला तरी लिहिला त्या जागी दिसावा, असा त्यांचा विचार होता. “नाहीतर सकाळचा मेसेज संध्याकाळच्या गप्पांत जाऊन बसेल,” ते म्हणाले. ऐकायला बरोबर होतं. मी पण मान डोलावली असती.

“आणि पोचला कधी, ते कुठे दिसतं?”

“सर्व्हरवर असतं. आपल्याकडे आला तो क्षण सर्व्हर स्वतःच्या घड्याळानं लिहून ठेवतो. लोकांना दाखवत नाही, उगाच गोंधळ.”

तो सर्व्हरचा तक्ता मी उघडू शकत होते, तक्रारी बघायला मला तेवढी परवानगी होती. मी त्या दिवशीच्या त्या तीन ओळी शोधल्या. प्रत्येक ओळीपुढे दोन वेळा होत्या, फोनची आणि सर्व्हरची. तारेसारख्याच.

पहिली ओळ. काम झालं. फोनवर अकरा पंचावन्न, सर्व्हरवर अकरा पंचावन्न. म्हणजे लाइनमनचं घड्याळ बरोबर होतं आणि तेव्हा त्याला नेटवर्क होतं.

दुसरी ओळ. थांबा. फोनवर बारा तीन. सर्व्हरवर बारा वीस. सतरा मिनिटं तो मेसेज त्याच्या खिशात होता. त्याला उचलून रस्त्यावर आणलं तेव्हा फोनला नेटवर्क मिळालं असणार.

तिनं तो वाचला नव्हता. वाचूच शकत नव्हती. लाइन चालू केल्याचं तिनं बारा आठला लिहिलं, आणि थांबा पोचला बारा वीसला. पोचल्यावर तो तळाशी आला नाही, लिहिल्याच्या वेळेनुसार गुपचूप तिच्या ओळीच्या वर जाऊन बसला. तोवर अपघाताची बोंब होऊन चॅटवर वीस-पंचवीस मेसेज पडले होते. वर काय येऊन बसलं हे कोण बघतं. आणि नंतर ज्यानं ज्यानं चॅट उघडलं त्याला तो तिथे दिसला, पहिल्यापासून असल्यासारखा.

मग मी तिसरी ओळ बघितली, आणि मला खुर्चीवरून उठावं लागलं.

लाइन चालू केली. फोनवर बारा आठ. सर्व्हरवर अकरा अठ्ठावन्न.

मेसेज लिहिण्याच्या आधी दहा मिनिटं पोचला होता. असं होत नसतं. मी मालकांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “काहीतरी बिघडलंय, हे धरू नका.” पण मी तिचे आठवड्याभराचे सगळे मेसेज काढले. सगळ्यांचं तेच. प्रत्येक मेसेज तिच्या फोनवर दहा मिनिटं पुढचा. बाकी कुणाचा नाही, फक्त तिचा. बिघाड रोज नेमानं दहा मिनिटांचा होत नाही. तिच्या फोनचं घड्याळच दहा मिनिटं पुढे होतं.

मी तिला फोन लावला. घड्याळाचं विचारलं तर ती म्हणाली, “हो, पुढे हाय नं. कंट्रोल रूमचं भिंतीवरचं बी पुढे हाय. पुढच्या पाळीवाला कधीच टायमावर येत नाही मॅडम, म्हणून सगळे पहिलेपासून पुढेच ठेवतात. मंग मी फोन बी त्याच्याशी मिळवला. रजिस्टरात बी तोच टाइम लिहितो आम्ही. काहून?”

काहून ते मी तेव्हा सांगितलं नाही. आमच्याही स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. आमच्या अर्ध्या नागपुरात असेल. मुलांची शाळा चुकू नये, बस चुकू नये, पाहुण्यांनी वेळेवर उठावं, म्हणून बायका घड्याळ पुढे करतात आणि मग स्वतःच मनात पाच मिनिटं वजा करतात. पण फोन मनात वजाबाकी करत नाही.

म्हणजे खरं असं होतं: अकरा पंचावन्नला काम झालं. तीन मिनिटांनी तिनं लाइन चालू केली. त्यानंतर पाच मिनिटांनी त्यानं थांबा लिहिलं. चालू असलेल्या लाइनला तो थांबा म्हणत होता आणि तिला तेही पोचत नव्हतं. पडद्यावर मात्र या दोन ओळींची उलटापालट झाली होती, आणि त्या उलट्या क्रमावर एक बाई सही करून बसली होती.

मालकांना हे पटवायला दुपार गेली. ॲप लिहिलेला माणूस ॲपवरचा आरोप ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा बघावा, लेकरू काळं आहे असं कुणी म्हटल्यासारखा होतो. ते म्हणाले, तुमच्या डोक्यात तार ऑफिस शिरलंय. मग मीच म्हटलं, करून बघू. मी माझ्या फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. त्यांच्या फोनचं नेटवर्क बंद केलं. खालून चहा आला, मी प्यायले आणि लिहिलं, चहा प्यायले. मग त्यांना म्हटलं, आता लिहा, चहा पिऊ नका. त्यांनी लिहिलं. थोडा वेळ जाऊ दिला. मग त्यांच्या फोनचं नेटवर्क सुरू केलं.

माझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. तळाशी नाही, माझ्या मेसेजच्या वर.

चहा पिऊ नका. चहा प्यायले.

“मग प्यायलात कशाला?” मी म्हटलं. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मालकांनी रिकाम्या कपाकडे बघितलं. मग म्हणाले, “शिक्का कुठंय?”

शिक्का मारलाच, पण दुसऱ्या कागदावर. त्यावर दोन्ही वेळा होत्या, आणि ॲप मेसेज कसे लावतं, त्यामुळे क्रम कसा उलटला, हे मालकांनी स्वतःच्या नावानं लिहून दिलं. ठेकेदार धंदा काढून नेणार हे त्यांना माहीत होतं आणि त्यानं तो काढून नेलाही. मी त्यांच्याविषयी जे वाईट मनात आणलं होतं ते परत घेतलं, थोडंसं राखून. पुढे ॲपमध्ये मेसेज सर्व्हरच्या वेळेनं लागू लागले, आणि उशिरा पोचलेल्यावर तसं लिहून येऊ लागलं.

कागद घेऊन मी स्वतः कुहीला गेले. पोस्टानं पाठवता आला असता. पण त्या बाईनं लिहून हाय नं म्हटलं होतं, आणि तसंच मलाही ते तिच्या हातात लिहून द्यायचं होतं. मला वाटत होतं, ती रडेल, मी तिच्या पाठीवरून हात फिरवीन, दोघी चहा पिऊ. मी अगदी खुशीत होते. एसटीत शेजारच्या बाईला निम्मी गोष्ट सांगूनही झाली होती.

ती घरीच होती, कामावरून बसवलेली. ओसरीवर लाइनमनही होता. दवाखान्यातून आदल्या दिवशी सोडलं होतं, हात वाचला होता, बोटांचं अजून सांगता येत नव्हतं. पांढऱ्या पट्ट्यांतला हात उशीवर ठेवून तो खाटेवर बसला होता. तो तिच्या नवऱ्याचा मित्र, घरी येणारा-जाणारा माणूस. इतके दिवस त्याच्या घरचे तिला शिव्या देत होते, आणि तो स्वतः का आला आहे हे तिला कळत नव्हतं. त्याला मी आदल्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून आला होता.

मी कागद तिच्यासमोर ठेवला. बोट ठेवून ओळीओळीनं सांगितलं. हा तुमचा मेसेज, हा त्यांचा. हे तुमचं घड्याळ, हे सर्व्हरचं. तुम्ही लाइन चालू केली तेव्हा थांबा लिहिलेलाच नव्हता. पोचला तो त्याहीनंतर. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती. हुशार बाई, विजेची माणसं असतात तशी. तिला सगळं कळलं.

“समजलं,” ती म्हणाली. “माहा टाइम दहा मिनट पुढे होता.”

“हो.”

“अन् याचा मेसेज उशिरा आला.”

“हो. म्हणजे तुम्ही तो वाचलाच नव्हता.”

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “पण मॅडम, मी वाचला होता.”

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. तिनं मला थांबवलं नाही, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते समजलं मले. पण मले आठवते नं. मी खुर्चीवर बसून होतो. फोन वाजला. मी पाहिला, थांबा लिहून होतं. मी म्हटलं, हा काय आता, आत्ताच तं चालू करा म्हणे. अन् उठलो अन् चालू केली. मले दिसते मॅडम ते. डोये मिटले का दिसते.”

ती खोटं बोलत नव्हती, उलट तिनं खरं बोलायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी तिनं मले दिसला नाही म्हटलं होतं, तेव्हा ती खरं बोलत होती. मग तिच्याच फोनवर, तिच्याच ओळीच्या वर तिला तो मेसेज दाखवला गेला, आणि त्या रात्रीपासून ती तो आठवायला बसली. रोज आठवत गेली. आता तो तिच्यापाशी होता, फोनच्या वाजण्यासकट, मनात म्हटलेल्या वाक्यासकट. मालकांनी ॲप दुरुस्त केलं होतं. हे कुठे दुरुस्त होणार होतं?

मग लाइनमन बोलला.

“वहिनी, मी तं नंतरच लिहिलं वं,” तो म्हणाला. “खाली उतरून रस्त्यावर गेलो, तिथून काम झालं लिहिलं. अन् लगेच मले आठवलं का वरचा बोल्ट ढिलाच राहिला. मंग वापस बांधीत घुसलो, खांबापाशी जाऊन लिहिलं. तुमचा चालू केली आला नाही, म्हणून म्हटलं बंदच हाय. तुमची चूक नाही. माही हाय. आपण तं फोन करून नंबर घ्यायचा असते. मी नाही केला.”

नियम खरं तर तोच होता. लाइन परत देताना फोनवर बोलून, लाइन बंद करताना दिलेल्या परवान्याचा नंबर एकमेकांना वाचून दाखवायचा. पण त्या भागात बोलणं मधेच तुटायचं आणि मेसेज मात्र पोचायचा, म्हणून हळूहळू सगळेच लिहू लागले होते, आणि सुपरवायझरनं कधी हरकत घेतली नव्हती. हे लाइनमन चौकशीत सांगायला तयार होता. ती सुटणार होती. नोकरी राहणार होती. हे आम्ही तिघंही जाणत होतो.

ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या पट्ट्यांतल्या हाताकडे, मग तोंडाकडे. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला वाटलं, आता पटलं.

“तू मले वाचवाले म्हणून राहिला,” ती म्हणाली. “तुह्या लेकरायची शपथ घे का तू नंतर लिहिलं.”

त्यानं घेतली. दोन्ही लेकरांची नावं घेऊन घेतली. ती उठली, त्याच्या उशीवरचा हात नीट केला आणि आत जाऊन चहा ठेवला. चहा देताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “एवढा चांगला माणूस हाय मॅडम. माह्यासाठी लेकरायची खोटी शपथ घेतली त्यानं.”

मी कप हातात धरून बसले. तो खाटेवरून माझ्याकडे बघत होता, मी तिला सांगावं म्हणून. कागद आमच्या मध्ये, शिक्का वर करून पडला होता.